लिपस्टिक नाही म्हणून दंड?

माझी भाची कॉलेज रोडवरील एका शोरूममध्ये विक्री विभागात आहे. गणवेश सगळ्यांनाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलींना लिपस्टिक आणि उंच टाचांची सक्ती. मुलांना फक्त बूट आणि नीट केलेली दाढी. एकदा ती सपाट चपलेत गेली, तर पगारातून ५०० रुपये कापले.

गणवेश ठरवण्याचा मालकाला अधिकार आहे. अंबडच्या कारखान्यात यंत्राजवळ केस झाकायला लावतात, ते सुरक्षिततेसाठी आणि लांब केसांच्या पुरुषांनाही. कपातीची गोष्ट मात्र वेगळी. १९३६च्या वेतन प्रदान कायद्यातला नियम वेतन संहितेतही कायम आहे: दंड कोणत्या चुकांसाठी, याची यादी सरकारमान्य हवी, ती कामाच्या जागी लावलेली हवी, कामगाराचे म्हणणे आधी ऐकायला हवे आणि महिन्याचा एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. भाचीचा पगार १४ हजार, म्हणजे मर्यादा ४२० रुपये. इथे यादीच नाही, मग ४२० तरी कशाचे?

वेतनात स्त्रियांशी भेदभाव करायला राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही मनाई आहे. पगाराची पावती जपून ठेवा. कपात तोंडी सांगितली असेल तर लेखी कारण मागा आणि कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज द्या. आम्ही तोच दिला आहे.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक