माझ्या मुलीचं ७.९ आणि तुमचं ‘सामान्य’

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

पाच महिन्यांपूर्वी मी आपल्याला पत्र लिहिलं होतं. ‘बालकांच्या रक्तातील शिशाच्या अहवालावरील संदर्भमूल्ये तीन महिन्यांत सुधारण्यात येतील’ असं आपल्या कार्यालयाचं उत्तर आलं, खाली सही-शिक्क्यासह. परवा मुलीचा नवा अहवाल हातात पडला. शिसं ७.९ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. शेजारच्या रकान्यात ‘० ते १०’, पुढे ‘सामान्य’. उत्तराचा कागद मी जपून ठेवलाय, आपल्याला लागला तर सांगा.

पहिल्या तपासणीच्या वेळी ती बावीस महिन्यांची होती. ओठ पांढरेफटक, आणि खिडकीच्या चौकटीचा सुटलेला जुना रंग नखाने खरवडून तोंडात घालायची. मी बोट घालून कपचे बाहेर काढायचे, ती ओरडायची. हिमोग्लोबिन ८.१, आणि शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन अवघं ५. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात शिसं १२ आलं. त्या रात्री मला झोप नाही. बोटावरची धूळ थेंबात मिसळली तरी आकडा फुगतो, म्हणून शिरेतून पुन्हा रक्त घेतलं. ७.२ आलं. ‘नॉर्मल आहे, शिशाचं विसरा,’ असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

महोदय, हे १० कधीचं आहे? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने ते १९९१ साली धरलं होतं. २०१२ मध्ये ५ केलं, २०२१ मध्ये ३.५. जागतिक आरोग्य संघटना ५ पासूनच शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा म्हणते. आणि ३.५ म्हणजेही ‘इथवर बिनधास्त’ असं नाही. तिथल्या एक ते पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साडेसत्त्याण्णव ज्याच्या खाली होती, तो हा आकडा. त्यावर गेलेलं मूल इतरांपेक्षा जास्त शिसं घेतंय, एवढाच त्याचा अर्थ. अपाय न करणारी पातळी आजवर कुणाला सापडलेली नाही. तुमच्या छापखान्याला मात्र सापडलेली दिसते.

रक्तक्षयाचंही सांगते, कारण तिथे दोन्हीकडून चुकीचं वाचलं जातं. शिसं हिमोग्लोबिन तयार होऊ देत नाही हे खरं, पण त्यामुळे हिमोग्लोबिन उतरलेलं दिसतं ते शिसं साधारण ४० च्या आसपास गेल्यावर. शिसं ७ असताना दिसणारा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा, हे फेरिटिनच सांगत होतं. म्हणून शिसं विसरायचं? उलट! लोहाला भुकेलेलं आतडं ज्या वाटेने लोह आत घेतं, त्याच वाटेने शिसंही जास्त ओढून घेतं. वर रक्तातलं जवळजवळ ९९ टक्के शिसं तांबड्या पेशींत बसतं. पेशीच कमी असल्या तर आकडा मुळात आहे त्यापेक्षा लहान दिसू शकतो. म्हणजे तुमचा ‘सामान्य’ शिक्का सगळ्यात आधी फसवतो तो फिकट पोरांनाच.

लोहाचं औषध सुरू झालं, हिमोग्लोबिन ११.२ वर आलं. शिसं ७.२ वरून ७.९. वाढलं का? दोन दिवस मी रडले. मग कळलं, एवढा फरक यंत्राच्या चुकीतही बसतो. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना या पातळीवर २ ची चूक आजही माफ आहे, पूर्वी ४ ची होती. शिवाय आता पेशी वाढल्यात. तेव्हा वाढलं असं म्हणता येत नाही. पण उतरलंही नाही, आणि खरी गोष्ट ती आहे. नवं शिसं पोटात जाणं थांबलं, तर रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर यायला हवं. थोडं हाडांतून परत येतं, तरी पाच महिन्यांत जागचं हललं नाही म्हणजे त्या जुन्या रंगातल्या शिशाची धूळ अजून पोटात जातेय. हे मला चौकट ओल्या फडक्याने पुसताना उमगलं, तुमच्या अहवालावरून नव्हे.

अशी किती पोरं घरी पाठवली असतील? मी म्हणते हजारो. आकडा माझाच, हवेतला. तुम्ही खोडून दाखवा, पण त्यासाठी मोजावं लागेल, आणि मोजलं की रकाना बदलावा लागेल, रकान्यासाठी समिती, समितीसाठी उपसमिती. तोवर जुने फॉर्म संपवायचे असतील. इथे लेकराचा मेंदू घडतोय आणि तुम्ही गठ्ठे संपवताय!

मागणी फार नाही. १० खोडा. रक्त बोटाचं की शिरेतलं ते लिहा, आणि शिशाच्या आकड्याशेजारी हिमोग्लोबिन छापा. ४५ च्या वर शिसं उतरवणारं औषध लागतं, त्याखाली स्रोत बंद करणं हाच उपचार, एवढी एक ओळ घाला.

तीन महिन्यांनी तिचं रक्त पुन्हा द्यायचं आहे. सोबत तुमच्या उत्तराची प्रत नेणार आहे, खिडकीवर दाखवायला.

कळावे,
एक आई