परीक्षा विषयाची की पुस्तकाच्या आवृत्तीची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नीटचा निकाल लागला की आपल्या अंकात गुणवंतांची छायाचित्रे आणि छोट्या मुलाखती येतात. मी त्या दरवर्षी वाचते. जीवशास्त्राची तयारी कशी केली, या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर एकच असते : ‘एनसीईआरटीची ओळ न् ओळ पाठ केली.’ मुले खरे तेच सांगतात, त्यांच्यावर माझा राग नाही. एकतीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले, आणि निवृत्तीनंतर तीन वर्षे एका खासगी क्लासमध्ये. या पाठांतराच्या धंद्यात माझेही हात पांढरे झाले आहेत, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

क्लासमध्ये माझ्याकडे एक काम होते. पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स काढायची, त्यातले महत्त्वाचे शब्द आणि आकडे व्हाइटनरने पुसायचे आणि त्या पानाच्या दीडशे प्रती काढून मुलांना वाटायच्या. मुलांनी रिकाम्या जागा भरायच्या. आठवड्याला अशी सहा-सात पाने व्हायची. कोणता शब्द पुसायचा याचेही एक तंत्र असते. ज्या शब्दाच्या जागी दुसरा, दिसायला तसाच शब्द बसू शकेल, तो आधी पुसायचा, कारण परीक्षेत नेमका तिथेच घोळ घातलेला असतो. रक्ताभिसरणाच्या पानावर मी ‘70 मिलिलिटर’ पुसले होते, ‘0.8 सेकंद’ही पुसले होते.

त्या तुकडीत एक फार हुशार मुलगी होती. तिच्या पुस्तकाच्या पानावर पिवळा, गुलाबी, हिरवा असे तीन हायलायटर फिरलेले, आणि कोरी राहिलेली ओळ शोधावी लागे. ती घडाघडा सांगायची : हृदयाचे ठोके मिनिटाला 72, हृदयचक्र 0.8 सेकंदाचे, प्रत्येक आकुंचनात जवनिका साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकते, म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर. एकदा मी सहज विचारले, ‘रोज पळण्याचा सराव करणाऱ्या एका मुलाचे ठोके आराम करताना मिनिटाला 60 आहेत आणि त्याचे हृदयही मिनिटाला पाचच लिटर रक्त फेकते. मग एका ठोक्याला किती?’ ती लगेच म्हणाली, ‘सत्तर, मॅडम. एनसीईआरटीत आहे.’

मी तिला पाच हजार भागिले साठ करायला लावले. उत्तर आले 83. ती फळ्याकडे बघत राहिली. मग विचारले, पुस्तकातले 0.8 कुठून आले? तिला ते माहीत नव्हते, वर्गात कुणालाच माहीत नव्हते. मिनिटात 60 सेकंद आणि 72 ठोके, म्हणून एका ठोक्याला 60 भागिले 72, म्हणजे साधारण 0.83 सेकंद, इतका साधा भागाकार. त्या 60 ठोक्यांच्या मुलाचे चक्र एक सेकंदाचे असणार. गंमत अशी की, ठोक्यांची गती आणि एका ठोक्यातले रक्त ही दोन्ही शरीर गरजेप्रमाणे बदलू शकते, असे पुस्तकात त्याच ठिकाणी लिहिले आहे. ते वाक्यही तिला पाठ होते! तिच्या पानावर ते गुलाबी रंगात होते.

तास संपल्यावर तिने मला जे विचारले त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ‘मॅडम, असं परीक्षेत येतं का?’ क्वचित येते, असे मी म्हणाले. ‘मग मी यावर वेळ घालवू का?’

तिचा हिशेब चोख होता. नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात. त्यांतले 90 जीवशास्त्राचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण. भौतिकशास्त्राच्या गणितांना वेळ लागतो, म्हणून क्लासमध्ये आम्हीच सांगतो की जीवशास्त्र 45 मिनिटांत उरका. म्हणजे एका प्रश्नाला तीस सेकंद, आणि त्यातच चार पर्याय किंवा दोन लांबलचक विधाने वाचायची. इतक्या वेळात माणूस विचार करत नाही, तो ओळखतो. वाक्य ओळखीचे वाटले तर ‘बरोबर’, एखादा शब्द खटकला तर ‘चूक’. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक. त्यामुळे जो थांबून विचार करतो तो मागे पडतो.

या पद्धतीचे टोक 2024 मध्ये साऱ्या देशाने पाहिले, पण पेपरफुटीच्या गदारोळात ती गोष्ट बाजूला पडली. भौतिकशास्त्रात दोन विधानांचा एक प्रश्न होता. पहिले विधान : अणूत धन आणि ऋण प्रभार समान असल्याने अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे : प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. पहिले बरोबर आहे. दुसरे चूक आहे, हे कळायला कोणतेही पुस्तक उघडावे लागत नाही. युरेनियम आणि रेडियम ही नावे ज्याने ऐकली आहेत त्याला ठाऊक असते की काही मूलद्रव्यांचे अणू आपोआप विघटित होतात. म्हणजे उत्तर पर्याय चार : पहिले बरोबर, दुसरे चूक.

पण एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर’ असे छापले होते आणि नव्या आवृत्तीत ते ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असे सुधारले गेले. ज्यांनी थोरल्या भावंडाचे जुने पुस्तक पाठ केले होते त्यांनी ‘दोन्ही विधाने बरोबर’ हा पर्याय निवडला. अशी मुले चार लाखांहून अधिक होती. त्यांनी आक्षेप घेतले आणि राष्ट्रीय परीक्षा संस्थेने, म्हणजे एनटीएने, दोन्ही उत्तरांना गुण देऊन टाकले. एक विधान एकाच वेळी खरे आणि खोटे ठरले!

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीशांच्या खंडपीठाने दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञांकडून उत्तर तपासून घ्यायला सांगितले. तज्ज्ञांनी दुसऱ्याच दिवशी, 23 जुलैला, कळवले की बरोबर उत्तर एकच आहे, पर्याय चार. निकाल पुन्हा लावला गेला. आधी 720 पैकी 720 मिळवणाऱ्या 67 जणांच्या यादीतले सहा जण वाढीव गुणांचा वाद मिटताना कमी झाले होते, उरलेल्या 61 पैकी 44 जण या एका प्रश्नामुळे खाली आले. शेवटी राहिले 17. जुने उत्तर देणाऱ्या प्रत्येकाचे मिळालेले चार गुण गेले आणि वर एक कापला गेला, म्हणजे पाच गुणांचा फटका. जिथे एकेका गुणावर हजारो मुले दाटीवाटीने उभी असतात, तिथे पाच गुणांनी कॉलेज बदलते, कधी डॉक्टर होणेही हुकते.

वाद झाला तो सगळा ‘कोणत्या आवृत्तीप्रमाणे’ यावर. मला बोचते ते निराळेच. पर्याय चार निवडणाऱ्यांतही युरेनियम आठवून निवडणारे किती आणि नवी आवृत्ती पाठ करून निवडणारे किती, हे त्या उत्तरपत्रिकेवरून कुणालाच सांगता येणार नाही. प्रश्नाची घडणच तशी आहे. पुस्तकातले वाक्य उचलायचे, एक शब्द बदलायचा किंवा तसाच ठेवायचा आणि ‘बरोबर की चूक’ विचारायचे. मी व्हाइटनरने जे करत होते तेच पेपर काढणारे शाईने करतात.

महाराष्ट्रात या रोगाला आणखी एक पदर आहे. राज्य मंडळाच्या मुलाच्या हातात बालभारतीचे पुस्तक असते. तीच माहिती तिथे वेगळ्या वाक्यांत असते, आणि काही ठिकाणी ती अधिक सोपी करून सांगितलेली आहे, असे माझे शिक्षक म्हणून मत आहे. पण ती वाक्ये ‘ती’ वाक्ये नव्हेत. त्यामुळे मुले बालभारतीचे पुस्तक बोर्डाच्या परीक्षेच्या आधी महिनाभर उघडतात आणि दोन वर्षे दुसऱ्याच पुस्तकाचे पारायण करतात. विषय एकच, त्याची दोन पाठांतरे.

आता दुसरी बाजूही मांडते. डॉक्टरला पाठांतर लागतेच. हाडांची आणि नसांची नावे, औषधाची मात्रा ऐनवेळी पुस्तकात शोधत बसता येत नाही. 72 आणि 70 हे आकडेही पाठ हवेतच, ते पाठ नसते तर त्या मुलीला भागाकार तरी कशाचा करता आला असता? वीस लाखांहून अधिक उत्तरपत्रिका हाताने तपासता येणार नाहीत, म्हणून पर्यायी प्रश्नही राहणार. आणि ज्याच्या घरात ते एकच स्वस्त पुस्तक आहे, अशा खेड्यातल्या मुलाला ‘याच पुस्तकातून येणार’ हा मोठा आधार वाटतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो आधार काढून घ्या, असे मी म्हणत नाही. त्याच पुस्तकातून विचारा, पण त्यात जे सांगितले आहे ते विचारा.

नुसता पेपर अवघड करूनही हे साधणार नाही. 2025 मध्ये भौतिकशास्त्र इतके कठीण निघाले की देशात पहिल्या आलेल्यालाही 686 गुणच मिळाले. त्याने मुले भौतिकशास्त्राला घाबरली, आणि जीवशास्त्र आणखी कमी वेळात उरकायला शिकली.

माझी सूचना साधी आहे. पेपर पक्का होण्याआधी प्रत्येक प्रश्न विषय चांगला येणाऱ्या चार शिक्षकांना पुस्तकाशिवाय सोडवायला द्यावा. ‘जरा ते पान बघावे लागेल’ असे त्यांतले दोघे म्हणाले तर तो प्रश्न रद्द करावा. अणूचा तो प्रश्न या चाळणीतून गेला असता, तर चौघांनी पर्याय चार दिला असता आणि आवृत्तीचा वाद उद्भवताच उत्तर ठरलेले असते. दुसरे, जीवशास्त्राचे प्रश्न 90 वरून 60 वर आणावेत आणि आकडे प्रश्नातच द्यावेत. ठोके मिनिटाला 60, एका ठोक्याला 83 मिलिलिटर; व्यायामात ठोके 150 आणि एका ठोक्याला 100 मिलिलिटर झाले, तर मिनिटाला जाणारे रक्त साधारण किती पट झाले? याचेही चार पर्याय देता येतात, यंत्राने तपासता येतात. उत्तर तिप्पट. हायलायटर लावलेल्या कोणत्याही ओळीत ते सापडणार नाही, पण लागणारे सगळे त्या पानावर आहे.

ती मुलगी आज वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा हसत म्हणाली, ‘मॅडम, फिजिऑलॉजी पहिल्यापासून परत शिकावं लागलं.’

आपली,
एक निवृत्त शिक्षिका

ता. क. : कृपया नाव छापू नये. मी पांढरी केलेली पाने त्या क्लासमध्ये अजून वाटली जातात.