सोंगणीच्या गाण्याबद्दल सूचना

मंडळी, स्पर्धेसाठी आपलं सोंगणीचं गाणं वऱ्हाडीत आहे. पण कालच्या तालमीत पहिल्या कडव्यात ‘मले’ आणि तिसऱ्यात ‘मला’ ऐकू आलं. पहिल्या कडव्यातल्या ओळी अशाच ठेवा:

कंबर दुखते माही, वावर सरंना बाई
इया मले दे तुहा, माह्याले धारच नाई

इथे ‘विळा’ किंवा ‘शेत’ कुणीही म्हणू नये. खरी गडबड दुसऱ्या कडव्यात आहे. ‘डोया’ म्हटलं आणि पुढच्या ओळीत ‘गोळा’ आलं, की यमक तिथेच तुटतं. बोलीत ‘ळ’चा ‘य’ करायचा तर सगळीकडे करा: खळं नव्हे खयं, पिवळी नव्हे पिवयी.

मात्र ‘ल’ला हात लावू नका. काल एकाने उत्साहात ‘माल भरला’चं ‘माय भरला’ केलं आणि ढोलकीवालाच हसत सुटला!

तिसरं कडवं ज्यांच्याकडे आहे त्यांनी ‘मला, तुला’ खोडून ‘मले, तुले’ लिहावं आणि सुधारलेला कागद गुरुवारी रात्री 8 च्या तालमीला आणावा. त्या दिवशी आधी चाल न लावता सगळे नुसतं वाचू.