गाडी लागणाऱ्या घरासाठी घाटाचं गणित

अरे मित्रा,

तुझा प्लॅन वाचला. चार दिवसांत तीन हिल स्टेशनं, रोज हॉटेल बदलायचं, आणि घरात गाडी लागते ती वहिनींना, धाकटीला आणि काकूंनाही! हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं. त्या ट्रिपच्या निम्म्या फोटोंत आमची लेक मांडीवर पिशवी घेऊन बसलेली आहे, पांढरीफटक. तेव्हा तिकीट, बुकिंग काही करायच्या आधी हे पत्र वाच, लांबलं तरी पूर्ण वाच.

पहिली गोष्ट, किलोमीटर विसर. सरळ रस्त्यावर तीन तास बसली तरी आमच्या लेकीला काही होत नाही, घाटात मात्र पाऊण तासात विकेट. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग प्रत्येक वळण, प्रत्येक ब्रेक मेंदूला कळवत असतो आणि डोळे मात्र समोरच्या सीटची पाठ बघून "आपण तर जागेवरच आहोत" म्हणत असतात, या भांडणात पोट ढवळतं. म्हणून मोजायची ती वळणांवरची मिनिटं. एखाद्या रविवारी जवळचा छोटा घाट निवड आणि चढायला लागल्यापासून पहिली जांभई कधी येते ते घड्याळात बघ. उलटीची वाट बघायची नाही, जांभई, गप्प होणं, ओठांचा रंग उडणं, तोंडात पाणी सुटणं, कपाळावर गार घाम, हे सगळं आधी येतं. आमची लेक एरवी तोंडाला टाळा नसलेली, ती गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबली की मी समजतो. तिचं घड्याळ पस्तीस मिनिटांचं निघालं. घरात ज्याचं घड्याळ सगळ्यात छोटं, त्याच्यावर सगळ्यांचा प्लॅन, बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही.

मग पुढचं गणित सोपं आहे. पस्तीस मिनिटांना लक्षण येतं तर टप्पा पंचवीसचा ठेवायचा, म्हणजे बरं वाटत असतानाच थांबायचं. आमचा घाट चाळीस किलोमीटरचा, मुलं असताना मी सरासरी चोवीसच्या वर जातच नाही, म्हणजे शंभर मिनिटं. पंचवीसचे चार टप्पे, मध्ये वीस-वीस मिनिटांचे तीन थांबे, एकूण दोन तास चाळीस मिनिटं. मॅप याच रस्त्याला दीड तास दाखवतो आणि आपण त्या दीड तासावर विश्वास ठेवून दुपारी निघतो, तिथेच सगळं बिघडतं. त्या पहिल्या ट्रिपला आम्ही सपाटीचा सगळा रस्ता आणि घाट एकाच दिवशी मारला होता, वर पोचेपर्यंत अंधार, सगळे अर्धमेले, आणि दुसरा पूर्ण दिवस झोपण्यात गेला.

आता आम्ही सपाटीचा रस्ता आदल्या दिवशी उरकतो आणि घाटाच्या पायथ्याशी रात्र काढतो. एका रात्रीचे पैसे जास्त जातात, पण वरचा एक अख्खा दिवस वाचतो. सकाळी साडेसहाला कोरडं, हलकं काहीतरी खायचं (रिकाम्या पोटीही मळमळतं, आणि तेलकट खाल्लं तर विचारूच नको), आठला निघायचं, पावणेअकराच्या आत वर. फक्त हॉटेलवाल्याला आधी विचारून ठेव की सामान ठेवू देशील का, नाहीतर खोली मिळेपर्यंत परत गाडीतच बसावं लागतं.

थांब्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. व्ह्यू पॉइंटवर थांबायचं नाही, तिथे चालू इंजिनांचा धूर आणि तळणाचा वास. मॅपवर सॅटेलाइटने आधी बघून ठेव, वळणापासून लांब, रस्ता सोडून पूर्ण आत घेता येईल अशी रुंद सपाट जागा, थोडी सावली असली तर उत्तम. गाडीतून सगळ्यांनी उतरायचं, खाली बसून मोबाईल बघायचा नाही, उभं राहून लांबचा डोंगर बघायचा, पाणी घोट घोट. आणि "झालं ना बरं? चला" असं विचारायचं नाही रे! मी विचारलं, लेक बिचारी "हो" म्हणाली, आपल्यामुळे सगळे खोळंबलेत असं तिला वाटत होतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत सीट भरली. अर्धवट बरं होऊन गाडीत बसलं की पुढच्या वेळी पस्तीस मिनिटं लागत नाहीत, पाचातच खेळ खलास. आता मी विचारतच नाही, चेहऱ्यावर रंग आला, बडबड सुरू झाली, स्वतःहून खायला मागितलं की मगच चावी. वीस मिनिटांची चाळीस झाली तरी चालतील.

गाडीत काकूंना पुढे बसव, धाकटीला मागे मधोमध, तिच्या मापाची उंच सीट आणि पट्टा लावून, म्हणजे समोरची काच दिसेल. लहान मुलांना पुढे बसवू नकोस, एअरबॅग असते. बाहेरची हवा आत येऊ दे, सुगंधी डबी काढून फेकून दे. आणि गाडी चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, त्यामुळे आपल्याला आपली चूक कळत नाही. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात एकसारखा वेग, कचकन काही नाही. वहिनींना थोडा वेळ चालवायला दे, त्यांची मळमळ जाते की नाही बघ.

गोळीचं सांगतो, ती डॉक्टरांना विचारूनच, मुलांचा डोस वयानुसार वेगळा आणि काही गोळ्या दोन वर्षांखाली चालतच नाहीत. पण वेळ महत्त्वाची, घाट सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर येते. बहुतेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून ज्याने घेतली त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही.

आता वर पोचल्यावर. तीन ठिकाणं विसर, एकच ठिकाण, दोन रात्री, आणि खोली अशी घे की चालत जाऊन काहीतरी बघता येईल. पहिल्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी एकच फेरी, जाताना पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांब नाही, आणि तीही सकाळी. बाकी वेळ पायी भटका, आमची मुलं तर एका ओढ्यावर दोन तास दगड रचत बसली होती, पैसे वसूल. गाडीबाहेर निवांत बसूनही डोकं दुखत आणि मळमळत राहिलं तर मात्र तो घाट नाही समजायचा, साधारण अडीच हजार मीटरच्या वर उंचीनेही तसं होतं, तिथे आणखी वर जायचं नाही, त्रास वाढला तर खाली उतरायचं आणि डॉक्टरला गाठायचं.

परतीचा दिवस लोक हमखास विसरतात. उतारावर सारखा ब्रेक, त्यामुळे आमच्याकडे उतरताना घड्याळ पस्तीसचं अठ्ठावीसवर येतं, म्हणून वीस-वीसचे पाच टप्पे करतो. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस, खालच्या गिअरमध्ये उतर, ब्रेकही तापत नाहीत आणि गाडी हेलकावेही खात नाही. सकाळीच निघा, खाली उतरून जेवा, मग सपाटी.

तुझा रस्ता मॅपवर टाकून पाठव, आणि रविवारच्या चाचणीत धाकटीची मिनिटं किती आली ते कळव. मी थांबे काढून देतो. आणि पिशव्या जाड घे, पातळ पिशव्यांचं आमचं काय झालं ते समोर भेटलास की सांगेन, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझाच