व्यायामाने डोकं उठतं म्हणून तो सोडू नकोस

प्रिय मंजिरी,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. दुपारच्या डब्यानंतर पोटात काही नाही, दिवसभर पाणी जेमतेम, आणि ऑफिस सुटल्यावर थेट पर्वतीच्या पायऱ्या. वर पोचेपर्यंत कानशील ठणकायला लागलं यात नवल नाही. पण त्यावरून ‘मला व्यायाम सोसत नाही’ असा निकाल लावू नकोस. तुला बाधला तो एकदम पडलेला ताण. मायग्रेनच्या माणसाचा मेंदू अचानक बदलावर चिडतो. तोच श्रम हळूहळू चढवत नेला तर बहुतेकांना सोसतो, आणि पुढे झटके कमी व्हायलाही मदत होते.

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2011 साली एक तुलना प्रसिद्ध केली. एका गटाला आठवड्यातून तीनदा 40 मिनिटांचा व्यायाम, दुसऱ्याला टोपिरामेट ही प्रतिबंधक गोळी, तिसऱ्याला शिथिलीकरण. तीन महिन्यांनी तिन्ही गटांत झटके साधारण सारखेच घटले होते. अभ्यास लहान होता, तेव्हा डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नकोस. मला त्यातली वेळेची वाटणी महत्त्वाची वाटते: 15 मिनिटं अंग तापवणं, 20 मिनिटं खरा व्यायाम, 5 मिनिटं निवणं. आपण नेमका तो पहिला पाव तास गाळतो.

तू सपाट रस्त्यावरच्या चालण्यापासून सुरुवात कर. पहिले दोन आठवडे, एक दिवसाआड, 15 मिनिटं, रमतगमत. मग दर आठवड्याला पाचच मिनिटं वाढव. अर्ध्या तासावर पोचलीस की मधली दहा मिनिटं झपझप चाल. आधी वेळ वाढवायची, मग वेग. दोन्ही एकाच आठवड्यात नको. चढण आणि पळणं सध्या नाहीच.

वेग घड्याळात दिसणाऱ्या नाडीच्या ठोक्यांवरून ठरवू नकोस. तू प्रोप्रॅनोलॉल घेतेस, त्याने ठोके दबलेले असतात, म्हणून आकडा कमी दिसला तरी श्रम जास्त झालेला असू शकतो. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तोच वेग धर. निघण्याआधी तासभर एक केळं किंवा अर्धी पोळी खा, ग्लासभर पाणी पी. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आतच बाहेर पड.

मानेत ताठरपणा, जांभयांवर जांभया, उजेड खुपणं असं काही जाणवलं तर झटका येऊ घातलाय असं समज आणि त्या दिवशी सुट्टी घे. चालू झटक्यात चालणं म्हणजे दुखणं वाढवून घेणं. दोन-तीन दिवस खंड पडला तर मागच्या आठवड्याच्या वेळेवरून पुन्हा सुरू कर. चालल्यावर दर वेळी डोकं धरत असेल तर वेळ निम्मी कर. वहीत चाललेली मिनिटं आणि झटक्याचे दिवस लिही. बारा आठवड्यांच्या आत हिशेब मांडू नकोस.

एक मात्र वेगळं. श्रम करताना क्षणार्धात, आजवर कधी झालं नाही इतकं भयंकर डोकं दुखलं, किंवा सोबत हातपाय लुळे पडले, शुद्ध हरपली, तर मायग्रेन समजून पडून राहू नकोस, लगेच इस्पितळ गाठ. आणि श्रमाने डोकं उठणं तुला नव्यानेच सुरू झालंय, त्यामुळे चालायला लागण्याआधी तुझ्या न्यूरॉलॉजिस्टना पर्वतीची हकिगत सांग.

तुझी,
सुनीता