वीज कंपनीला लिहिलेल्या पत्राची प्रत

प्रिय मित्रा,

व्होल्टेजच्या चढउताराबद्दल आम्ही वीज कंपनीला दिलेल्या पत्राची प्रत तू मागितलीस, ती सोबत आहे. पण नुसती नावं बदलून तुमच्या सोसायटीतर्फे देऊन टाकू नकोस. आमच्या पहिल्या अर्जात जळालेल्या फ्रिज-टीव्हींची यादीच होती, आणि उत्तर आलं, "आपलं अंतर्गत वायरिंग तपासून घ्यावं." दुसऱ्या पत्रात आम्ही व्होल्टेजची रीडिंग घातली, तेव्हा कुठे सूर बदलला.

त्यातला मुख्य परिच्छेद हा:

"सकाळी 6:42 वाजता आर फेजवर 170, वाय फेजवर 262 आणि बी फेजवर 272 व्होल्ट नोंदले गेले. त्याच क्षणी कोणत्याही दोन फेजमधलं व्होल्टेज मात्र 400 च्या आसपास स्थिर होतं. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात 61 व्होल्ट आढळले. एरवी तिथे दोन-तीनच असतात."

हे वाचून जाणकाराला लगेच कळतं. रोहित्रावर ताण आला असता तर तिन्ही फेज कमी-अधिक प्रमाणात खालीच गेले असते. इथे एक पडला आणि दोन चढले, म्हणजे न्यूट्रल, तिन्ही फेजची परतीची सामाईक तार, कुठेतरी सैल आहे. सकाळी आर फेजवर गीझर लागतात, तो दबतो, आणि ज्या फेजवर भार कमी तिथे व्होल्टेज उसळतं. म्हणून गीझर लावणाऱ्याचं काही बिघडत नाही आणि शेजारच्या बंद घरातला फ्रिज जळतो! लोकांना ते भुताटकीसारखं वाटायचं.

आता "वायरिंग तुमचंच" या उत्तराचा बंदोबस्त. आम्ही व्होल्टेजची सतत नोंद ठेवणारा लॉगर फ्लॅटमध्ये न लावता परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मीटर रूममध्ये, कंपनीची केबल जिथे येते त्या टर्मिनलवरच लावून घेतला. तिथेच फेज असे फाकत असतील तर दोष त्याच्या मागे, म्हणजे केबलचा जोड, फीडर पिलर किंवा रोहित्राचं न्यूट्रल टर्मिनल यांपैकी कुठेतरी असतो. नोंद दर सेकंदाची ठेव. दहा मिनिटांच्या सरासरीत असे झटके विरून जातात आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं. लॉगरचं घड्याळही मीटरच्या घड्याळाशी जुळवून घे, कारण पत्रात आम्ही त्याच तारखांचा मीटरमधला साठवलेला डेटा मागितलाय. मीटरची मेमरी भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, तेव्हा ही मागणी उशिरा करू नकोस.

मागणीही नेमकी ठेव: न्यूट्रलचे सगळे जोड उघडून तपासावेत, तारांच्या टोकांचे काळवंडलेले लग बदलावेत आणि दुरुस्तीनंतरची रीडिंग लेखी द्यावीत. नुकसानभरपाईची यादी वेगळ्या परिशिष्टात जोड, नाहीतर चर्चा तिथेच अडकते.

आणि एक, तुमच्या वायरमनला न्यूट्रल अर्थिंगला जोडण्याचा जुगाड करू देऊ नकोस. जोड पुरता तुटला तर प्रत्येक वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. लॉगरची फाइल आली की मला पाठव, परिच्छेद मिळून लिहू.

तुझा मित्र