तालमीची कम्युनिटी आणि आईची भिशी

प्रिय आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

आई, तालमीने पेठेतले ग्रुप व्हॉट्सॲपच्या एका कम्युनिटीत घेतल्यापासून तू भिशीच्या ग्रुपवर लिहायचंच सोडलंस, असं बाबा सांगत होते. अध्यक्ष सगळं वाचत असतील, ही तुझी भीती. तसं होत नाही, म्हणून हे पत्र.

उत्सवाचा ग्रुप, पूरमदतीचा ग्रुप आणि तुमची भिशी कम्युनिटीत आली तरी तिघांचं बोलणं वेगळंच राहतं. फक्त वर अनाउन्समेंटची एक सामाईक जागा तयार होते. तिथे सगळ्या ग्रुपमधली माणसं आपोआप येतात, पण नवा निरोप टाकता येतो तो कम्युनिटीच्या ॲडमिनलाच. पावसाळ्यात हे फार कामाचं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली, की अध्यक्षांनी तिथे एकदा लिहिलं म्हणजे पेठभर कळतं, आणि तो निरोप गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडला जात नाही.

आता भिशीचं. अध्यक्ष कम्युनिटीचे ॲडमिन आहेत, म्हणून त्यांना तुमच्या ग्रुपचं नाव दिसतं आणि कम्युनिटीतल्या सगळ्यांचे नंबर दिसतात. मेसेज मात्र जो त्या ग्रुपात आहे त्यालाच दिसतात. तू ग्रुपच्या नावावर बोट ठेव, खाली सदस्यांची यादी येईल. तिच्यात अध्यक्षांचं नाव नसेल तर या महिन्याची भिशी कुणाला लागली, कुणाचा हप्ता राहिला, यातलं काहीही त्यांच्यापर्यंत जात नाही. उद्या ते ग्रुपात आलेच, तर तशी ओळ चॅटमध्येच उमटते आणि आधीचं बोलणं त्यांना आपोआप दिसत नाही. तरीही काकूंना सांग, त्या भिशीच्या ॲडमिन आहेत ना, नवीन माणूस ॲडमिनच्या मंजुरीशिवाय येणार नाही अशी सेटिंग करून ठेवा. मला हे फार गरजेचं वाटतं. तिथे पैशाचं बोलणं असतं.

नंबरचं जरा जपून. अनाउन्समेंटमध्ये इतर सदस्यांना तुझा नंबर दिसत नाही. ॲडमिनला आणि ज्यांनी तो सेव्ह केलाय त्यांनाच दिसतो. पण कम्युनिटीतल्या दुसऱ्या एखाद्या ग्रुपात तू शिरलीस, की तिथल्या प्रत्येकाला दिसतो. म्हणून यादीत नाव दिसलं की लगेच जॉइन करू नकोस.

बाबा, मेसेजांना कंटाळून तुम्ही कम्युनिटीच सोडायला निघालाय म्हणे. तसं करू नका. कम्युनिटी सोडली की तिच्यातले सगळेच ग्रुप सुटतात, पूरमदतीचासुद्धा. नुसता उत्सवाचा ग्रुप सोडा, नाहीतर म्यूट करा. अनाउन्समेंट तेवढी पावसाळाभर चालू राहू द्या.

तुमची,
ताई